कूपन, भेटवस्तू आणि मुलांचा भत्ता: पगारात किती धरतात?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या घरात लेक, सून किंवा जाऊबाई एमआयडीसीत, बँकेत, दवाखान्यात नोकरीला आहे. पगाराबरोबर जेवणाची कूपनं मिळतात, दिवाळीला भेट येते, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता असतो. या गोष्टी कराच्या हिशेबात किती धरल्या जातात, ते आज आम्ही सांगणार आहोत. आकडे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या वर्षाचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, म्हणून त्यापुढच्या पगाराला हेच आकडे लावू नका.

एक उदाहरण घेऊ. समजा एक ताई कंपनीत सुपरवायझर आहेत. वर्षाचा पगार साडेसहा लाख. शिवाय कामाच्या दिवशी 80 रुपयांचं एक जेवणाचं कूपन, दोन मुलांसाठी प्रत्येकी महिना 400 रुपये शिक्षण भत्ता, दिवाळीला 3,000 रुपयांचं गिफ्ट व्हाउचर आणि महिला दिनाला 1,500 रुपयांचा भांड्यांचा सेट.

आधी जुन्या करपद्धतीने पाहू. कूपनावर एका जेवणामागे 50 रुपयांपर्यंत सूट आहे. ते कूपन दुसऱ्याला देता येणारं नसावं आणि फक्त खाण्याच्या ठिकाणीच चालणारं असावं. म्हणजे दर कूपनामागे 30 रुपये पगारात धरायचे. महिन्याला 26 दिवस धरले तर वर्षाचे होतात 9,360 रुपये.

मुलांच्या शिक्षण भत्त्याची सूट फार थोडी आहे. एका मुलामागे महिना 100 रुपये, तीही दोनच मुलांसाठी. ताईंना वर्षाला 9,600 मिळतात, सूट 2,400 ची, उरलेले 7,200 पगारात धरले जातात. तिसऱ्या मुलासाठी कंपनीने भत्ता दिला तर तो पूर्ण धरला जातो. शाळेच्या फीची 80सी खालची वजावट ही वेगळी गोष्ट आहे, या दोन्हींची गल्लत करू नका.

भेटवस्तूंचं पाहू. वर्षभरातल्या सगळ्या भेटी मिळून 5,000 रुपयांपेक्षा कमी असतील तर त्यांची किंमत शून्य धरतात. ताईंच्या भेटी 4,500 च्या, म्हणजे काहीच धरायचं नाही. घरच्या माणसाला कंपनीने दिलेली भेटही याच बेरजेत येते. पण दिवाळीला पाकिटातून रोख रक्कम दिली तर ती भेट नाही, तो पगारच, मग ती 500 रुपयांची का असेना.

जुन्या पद्धतीत हे सगळं मिळून पगारात वाढले 16,560 रुपये. नव्या पद्धतीत कूपनाची आणि मुलांच्या भत्त्याची सूट नाही. तिथे कूपनाचे 24,960 आणि भत्त्याचे 9,600 असे 34,560 रुपये धरले जातात. भेटवस्तूंची सूट मात्र दोन्हीकडे आहे. कंपनीच्या कँटीनमध्ये मिळणाऱ्या जेवणाची सूटही नव्या पद्धतीत राहिली आहे, गेली ती फक्त कूपनाची.

आता वाटेल, सूट जास्त तर जुनी पद्धत बरी. इथेच फसगत होते. नव्या पद्धतीत पगारातून सरसकट 75,000 वजा होतात, जुन्यात 50,000. ताईंचं नव्या पद्धतीतलं उत्पन्न येतं 6,09,560. बारा लाखांपर्यंत करात पूर्ण सवलत असल्याने कर शून्य. जुन्यात उत्पन्न येतं 6,16,560. दुसरी कसलीच बचत दाखवली नाही, तर त्यावर उपकरासह सुमारे 37,240 रुपये कर बसतो. भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे दाखवून उत्पन्न पाच लाखांच्या आत आणलं, तरच जुन्यातही कर शून्य होतो. म्हणून छोट्या सवलतींकडे बघून पद्धत निवडू नका, दोन्हीकडचा पूर्ण हिशेब मांडा.

कंपनीकडून फॉर्म 16 येतो आणि त्याबरोबर फॉर्म 12बीए. त्यात जेवण आणि भेटवस्तू यांच्या स्वतंत्र ओळी असतात. पगाराच्या पावत्यांवरून कूपनांची बेरीज करा आणि त्या ओळीशी ताडून पहा. जुनी पद्धत असूनही कूपनाची पूर्ण रक्कम धरलेली दिसली, किंवा 5,000 च्या आतली भेट धरलेली दिसली, तर कंपनीच्या हिशेब विभागाला लेखी विचारा. भत्त्याची सूट फॉर्म 16 मध्ये दिसली नाही, तर मुलांची माहिती दिली होती का तेही बघा.

कंपनीने एका पद्धतीने कर कापला असला, तरी फक्त पगार असणाऱ्यांना मुदतीत विवरणपत्र भरताना दुसरी पद्धत निवडता येते. जास्त कापलेला कर परत मागता येतो.