‘प्लीज कन्फर्म’, पण कोणी?



भोसरीतलं एखादं छोटं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ग्राहक कंपनीच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘रिवाइज्ड ड्रॉइंग टु बी शेअर्ड बिफोर डिस्पॅच. प्लीज कन्फर्म.’ सोमवारी दोनशे फ्लँज गाडीत भरायच्या आहेत. ग्रुपवर कंपनीचे खरेदी अधिकारी आहेत, क्वालिटीवाले आहेत आणि आपले शॉपमालक. सुधारलेलं ड्रॉइंग कोणी कोणाला द्यायचं, याचा पत्ता नाही.

मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापद चुगली करतं: पाठवतो, पाठवा, पाठवतील. ‘टु बी शेअर्ड’मध्ये ती सोय नाही. त्यामुळे तो मेसेज दहा वेळा वाचून हाती काही लागत नाही. उत्तर मेसेजच्या बाहेर शोधावं लागतं.

आधी बघायचं, ती वस्तू बदलण्याचा अधिकार कोणाचा. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बहुतेक वेळा एक चौकट असते. तिच्यात नाव, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिहिलेलं असतं. तिथे कंपनीचं नाव असेल, तर नवी रिव्हिजन त्यांच्या डिझाइन विभागातूनच यायला हवी. म्हणजे पाठवायचं त्यांनी. ड्रॉइंग शॉपनंच काढून मंजूर करून घेतलेलं असेल, तर काम आपलं. मग थोडं वर सरकवून जुने मेसेज बघायचे. समजा, दुपारी क्वालिटीवाल्यांनी बोल्टच्या भोकांचा व्यास वाढवायचा म्हटलंय आणि चौकटीत नाव कंपनीचं आहे. पारडं कंपनीकडे झुकलं. तरी खात्री नाही, कारण काही कंपन्या बदल पुरवठादाराकडूनच काढून घेतात आणि नंतर मंजुरी देतात.

आता खरा निर्णय. दोन्ही अर्थांत सारखंच राहणारं काम कोणतं? बाहेरचं टर्निंग. भोकांचा बदल त्याला शिवत नाही, ते रात्रपाळीत उरकून घ्यावं. ड्रिलिंग मात्र थांबवायचं. लहान भोक नंतर मोठं करता येईल, पण भोकांची जागाही बदलली असेल तर दोनशे नग भंगारात. ‘त्यांना बहुतेक असंच म्हणायचं असेल’ एवढ्या आधारावर जे परत फिरवता येत नाही, ते करू नये.

त्यानंतर विचारायचं, पण ‘व्हॉट टु डू सर?’ असं नाही. त्यातून बहुधा तितकाच त्रोटक दुसरा मेसेज येतो. ‘ड्रॉइंग तुम्ही पाठवता की आम्ही पाठवू?’ हेही टाळा. या प्रश्नाला ‘येस’ असं उत्तर हमखास येतं, मग बसा डोकं धरून. आपला समज नाव आणि वेळ घालून लिहा: ‘युवर डिझाइन टीम विल सेंड द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय सॅटर्डे इलेव्हन. वुई विल स्टार्ट ड्रिलिंग ओन्ली आफ्टर दॅट. इफ यू वाँट अस टु प्रिपेअर द ड्रॉइंग, प्लीज टेल अस टुनाइट.’ आता नुसतं ‘ओके’ आलं तरी त्याचा अर्थ एकच निघतो. मेसेज खरेदी अधिकाऱ्यांना नावानं टॅग करून टाका. ग्रुपवर सर्वांना विचारलेलं कोणालाच विचारलेलं नसतं.

राहिलं ‘प्लीज कन्फर्म’. नेमकं काय कन्फर्म करायचं? मेसेज मिळाला हे, की सोमवारची तारीख? इथे अंगठा दाखवून मोकळं होणं महागात पडू शकतं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात 2021 मध्ये एका धान्य खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला, खाली लिहिलं ‘प्लीज कन्फर्म’. शेतकऱ्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. पुढे भाव चढले आणि माल काही गेला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे करार पोचला एवढंच. 2023 मध्ये न्यायालयानं तो होकार मानला आणि सुमारे 82,000 कॅनेडियन डॉलर भरपाई ठरवली. याआधी ‘ओके’, ‘यप’ अशा एका शब्दाच्या उत्तरांवर याच शेतकऱ्यानं माल पोचवला होता, ती सवय निकालात मोजली गेली. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण तुमच्या अंगठ्याचा अर्थ तुमचे जुने अंगठे ठरवतात, हे मला पटतं. म्हणून पोच द्यायची असेल तर ‘रिसीव्ह्ड, डेट नॉट यट कन्फर्म्ड’ असं लिहा.

रात्री नऊपर्यंत उत्तर नाही आलं, तर सरळ फोन लावा. साहेब म्हणाले, ‘अहो, आम्हीच पाठवतोय, सोमवारी सकाळी,’ तर फोन ठेवल्याबरोबर तेच एका ओळीत ग्रुपवर टाका. आणि त्याच ओळीत गाडीची नवी तारीखही टाका, कारण ड्रॉइंग सोमवारी आलं तर दोनशे फ्लँजची भोकं त्याच दिवशी पाडून होणार नाहीत.