‘मग लिहिलंत कशाला?’



अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा असा संकेत आहे. तो मोडून मी एका ठिपक्याविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘डाव्या जवनिकेत इकोजेनिक फोकस’. पुढे काहीच नाही. पंचविशीची मुलगी, पहिलंच बाळंतपण. तिच्या सासूबाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि घरात बातमी पसरली की बाळाच्या हृदयाला भोक आहे. चार दिवसांनी ते जोडपं माझ्यासमोर बसलं, तेव्हा ती मुलगी नीट जेवतही नव्हती. चूक माझी होती. दिसलं ते मी लिहिलं, पण त्याचा अर्थ सांगायचा राहिला.

तो ठिपका म्हणजे हृदयाच्या झडपांना ताणून धरणाऱ्या स्नायूत साठलेला थोडा क्षार. तो हाडाइतका पांढरा दिसायला हवा. यंत्राचा गेन कमी करत गेलं की बाकीचं हृदय विझत जातं आणि ठिपका मात्र बरगडीबरोबर शेवटपर्यंत चमकत राहतो. कोन बदलल्यावर तो नाहीसा होत असेल, तर ती बहुधा ध्वनिलहरींची चमक. आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या गर्भात तो जास्त वेळा आढळतो, म्हणजे आपल्याला तो भेटत राहणारच. हृदयाची रचना नीट असेल तर त्याने हृदयाला काही होत नाही.

मग त्याची दखल का? डाउन सिंड्रोमच्या बाळांत तो थोडा जास्त आढळतो म्हणून. ‘सॉफ्ट मार्कर’ म्हणजे एवढंच: ते व्यंग नव्हे, शक्यतेचं पारडं किंचित हलवणारी खूण. या मुलीचा तिसऱ्या महिन्यातला डबल मार्कर आणि मानेमागच्या पाण्याचं माप मिळून धोका आला होता ३००० मध्ये १. तपासणीत दुसरं काहीही नसताना एकटा ठिपका दिसला, तर उपलब्ध अभ्यासांनुसार त्या आकड्याला साधारण ०.९५ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ३१५० मध्ये १. धोका होता तिथेच राहिला. गर्भजल काढायची गरज नाही, पुन्हा सोनोग्राफीचीही नाही. मी कागदावर हा गुणाकार करून दाखवला, तेव्हा नवऱ्याने विचारलं, ‘‘मग लिहिलंत कशाला, डॉक्टर?’’

त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. त्याकडे येतो, पण आधी दुसरी बाजू. सगळ्या खुणा या ठिपक्यासारख्या निरुपद्रवी नसतात. मानेमागची त्वचा ६ मिलिमीटर किंवा जास्त जाड असेल, किंवा नाकाचं हाड दिसतच नसेल, तर धोका काही पटींनी वाढतो. तिथे ‘काही नाही हो’ म्हणून पाठवणं हा उलट्या बाजूचा गुन्हा. दोन्ही गोष्टींना एकच नाव पडलं, हे आपल्या शास्त्राचं दुर्दैव.

आणि आईबाप ऐकतात ते मुळात वेगळंच. ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणजे बाळ ठणठणीत, असं त्यांना वाटतं. आपण १८ ते २२ आठवड्यांत मेंदूतल्या पोकळ्या आणि लहान मेंदू, ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे व त्यातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या, जठर, मूत्रपिंडं, मूत्राशय, पोटाची भिंत, हातपाय, वार आणि गर्भजल पाहतो. पाहतो ती रचना, कार्य नव्हे. ऐकू येईल का, हे कळत नाही. स्वमग्नता कळत नाही. थॅलेसेमिया कळत नाही, त्याला आईबापांचं रक्त तपासावं लागतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली वाट गर्भात उघडीच असते, त्यामुळे ती जन्मानंतर बंद होईल की नाही हे आज सांगता येत नाही. फक्त टाळूच दुभंगलेली असेल तर ती सहज निसटते. काही दोष तर अजून उमटलेलेच नसतात: लहान आतड्याच्या सुरुवातीचा अडथळा किंवा एका प्रकारच्या बुटकेपणातली आखूड मांडी बहुधा २४ आठवड्यांनंतरच नजरेत येते. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच बाळांत या तपासणीत काहीच वावगं दिसत नाही. आईचं पोट जाड असेल, बाळ पालथं असेल, तर जे दिसायला हवं तेही दिसत नाही. तेव्हा ‘दिसलं नाही’ असंच लिहावं, ‘नॉर्मल’ नव्हे.

आता त्या नवऱ्याचा प्रश्न. लिहायचं, कारण पुढच्या महिन्यात दुसरा डॉक्टर तोच ठिपका पाहील आणि त्या घराला वाटेल की आपण लपवलं. आणि लिहायचं, कारण अनेक बायका आपल्याकडे पहिल्यांदा येतात त्या पाचव्या महिन्यातच, डबल मार्कर न करता. त्यांच्यासाठी ०.९५ ने गुणायला आकडाच नसतो. वयावरून काढलेला अंदाज आणि रक्ताच्या चाचणीचा पर्याय, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवावे लागतात.

आधीची चाचणी झालेली आणि चांगली असेल, तर हल्ली मी ठिपक्याच्या ओळीखाली मराठीत लिहितो: ‘हृदयाची रचना नीट दिसली. हे भोक नव्हे. आधीची चाचणी चांगली असल्याने या ठिपक्यासाठी वेगळी तपासणी नको.’ आणि ते टाइप करण्याआधी, प्रोब हातात असतानाच, तिला तोंडी सांगतो.