पन्नाशीतला आवाज : बदल कोणता आणि तपासणी केव्हा?

(मंडळाच्या महिला शाखेसमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात काम करतो. निदान डॉक्टर करतात. आवाजाची नोंद घेणे आणि व्यायाम शिकवणे हे आमचे काम. पन्नाशीच्या आसपासच्या भगिनी आमच्याकडे येऊन एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. "फोनवर लोक मला भाऊ म्हणतात", "आरतीत वरचा सूर लागत नाही", "घसा सारखा कोरडा वाटतो."

याचे कारण असे. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. एवढ्या घर्षणात ते टिकतात, कारण त्यांच्यावर पातळ, ओला थर असतो. पाळी थांबताना इस्ट्रोजेन कमी होते, तसा हा ओलावा घटतो आणि कफ घट्ट, चिकट होतो. शरीरात थोड्या प्रमाणात असलेल्या पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव तुलनेने वाढतो आणि तंतू किंचित जाड होतात. सतारीची जाड तार खालचा सूर देते, तसेच इथे होते. हा बदल हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत होतो आणि सगळ्यांनाच जाणवतो असेही नाही.

एक उदाहरण सांगतो. एक्कावन्न वर्षांच्या एक भगिनी, भजनी मंडळात गाणाऱ्या. पाळी थांबून चौदा महिने झालेले. पूर्वी काळी चारमध्ये गायच्या, आता काळी तीनच्या वर गेले की आवाज फाटतो. म्हणजे पेटीवर दोन घरे खाली. सकाळी आवाज जड, पाणी प्यायल्यावर बरा. तंबाखू किंवा मिश्री नाही, गिळायला त्रास नाही.

तरी डॉक्टरांनी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिले. जीभ कापडाने धरून बाहेर ओढतात, तोंडातून बारीक कॅमेरा नेतात आणि "ई" म्हणायला सांगतात. दोन-तीन मिनिटांचे काम. उमासा येत असेल तर बधिर करणारा फवारा मारतात. दोन्ही तंतू सारखे हलत होते, गाठ नव्हती, फक्त थोडी सूज आणि चिकट कफाचे धागे. थायरॉइड कमी असले तरी आवाज असाच जड होतो, म्हणून रक्ताची तपासणी झाली. ती ठीक आली. मग औषधांची पिशवी पाहिली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि सर्दीची गोळी त्या रोज रात्री स्वतःच्या मनाने घेत होत्या. दोन्हींनी घसा सुकतो. सर्दीची गोळी बंद झाली. रक्तदाबाची मात्र ज्यांनी दिली त्यांना विचारूनच बदलायची, आपणहून सोडायची नाही.

आम्ही त्यांना दिवसभर थोडे थोडे पाणी प्यायला सांगितले. घसा खाकरण्याऐवजी एक घोट पाणी, कारण खाकरताना तंतू जोरात आपटतात. शिवाय पेल्यात दोन बोटे पाणी घेऊन, त्यात नळी बुडवून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे, दिवसातून तीन वेळा, दोन-दोन मिनिटे. तीन महिन्यांत कोरडेपणा आणि फाटणे कमी झाले. सूर मात्र काळी तीनवरच राहिला. आवाजासाठी हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, असे त्यांनी विचारले. केवळ तेवढ्यासाठी त्या देत नाहीत. बाकीचा त्रास पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात.

आता तपासणी केव्हा? आवाज सलग चार आठवडे बसलेला किंवा घोगरा राहिला तर स्वरयंत्र पाहून घ्यावे, वय काहीही असो. तंबाखू, मिश्री किंवा विडीची सवय असेल, किंवा मानेत गाठ, गिळताना अडकणे, थुंकीत रक्त, एकाच कानात दुखणे, वजन घटणे यांपैकी काहीही सोबत असेल तर चार आठवडेही थांबू नये. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी जावे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला तर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना लगेच कळवावे. आणि काही महिन्यांतच आवाज पुरुषासारखा होऊन चेहऱ्यावर दाट केस येऊ लागले, तर ते पाळी जाण्याने होत नाही. संप्रेरकांची तपासणी लागते.

फरक ध्यानात ठेवायचा तो एवढाच. वयाचा बदल हळू येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि पाण्याने, विश्रांतीने सुधारतो. आजाराचा घोगरेपणा हटत नाही आणि वाढत जातो. पण कानांनी ओळखलेला फरक हा अंदाज असतो. गाठ नाही हे दुर्बिणीतूनच कळते.

यंदा आरतीला पेटीवर बसणाऱ्यांना एक विनंती. पट्टी दोन घरे खाली घ्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या काकूंनाही ओढून-ताणून गावे लागणार नाही.