व्हीलवरचा शिक्का आणि भिंतीवरची सूचना



आज समोर बसलेल्यांत टूल रूममध्ये रोज ग्राइंडरसमोर उभे राहणारे बरेच जण आहेत, आणि शिरोली, सातपूर, भोसरीकडे स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवणारेही आहेत. म्हणून विषयाला सरळ हात घालतो. ग्राइंडिंग व्हीलवर जो कागदी गोल चिकटवलेला असतो, त्यावरचा मजकूर मराठीत आणायचा तर काय आणायचे, काय जसेच्या तसे ठेवायचे आणि कुठे चुकले तर माणसाला इजा होते, एवढेच मला बोलायचे आहे.

सरफेस ग्राइंडरवरचे साधे पांढरे व्हील घ्या. त्यावर ‘डब्ल्यूए ४६ के ५ व्ही’ असे छापलेले असते. इथे बोलताना मी ती अक्षरे मराठीत उच्चारतो आहे, पण भिंतीवरच्या तक्त्यात ती रोमनच ठेवा आणि अंकही व्हीलवर आहेत तसेच ठेवा. कामगार स्टोअरमधून व्हील आणतो तेव्हा तो तक्त्यावरचे अक्षर आणि व्हीलवरचे अक्षर डोळ्यांनी जुळवून बघतो. शिवाय घाईत लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ किती सारखे दिसतात, हे ज्याने दोन्हींत हिशेब लिहिले आहेत त्याला माहीत आहे. मराठी हवी ती त्या अक्षराच्या शेजारच्या रकान्यात, अर्थ सांगायला.

पहिले अक्षर कणाच्या पदार्थाचे. डब्ल्यूए म्हणजे पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, हा पोलादासाठी. जीसी म्हणजे हिरवा सिलिकॉन कार्बाइड, हा कार्बाइडच्या टिपसाठी. पुढचा ४६ हा दाण्याचा नंबर. आकडा वाढला की दाणा बारीक होतो, हे पॉलिश पेपर वापरणाऱ्याला सांगावे लागत नाही. रकान्यात ‘दाणा : आकडा मोठा, तर दाणा बारीक’ एवढे लिहिले की काम झाले.

खरी अडचण तिसऱ्या अक्षरापाशी येते. हा व्हीलचा ग्रेड. ए पासून झेडपर्यंत तो मऊकडून कडककडे जातो असे कॅटलॉगमध्ये लिहिलेले असते, आणि तेच शब्द उचलून मराठी तक्त्यात ‘मऊ व्हील’, ‘कडक व्हील’ असे छापले जाते. वाचणारा साहजिकच समजतो की कडक जॉबला कडक व्हील लावायचे. नेमके उलटे करायचे असते. इथला कडकपणा दाण्याचा नाही. दाण्याला धरून ठेवणाऱ्या बाँडची पकड किती घट्ट आहे, ते हे अक्षर सांगते. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे तेच असतात, पण पाक कच्चा राहिला तर दाणे हाताने सुटतात आणि पक्का झाला तर दात दुखतात. ग्रेड हा त्या पाकाचा अंदाज आहे.

आता एक जॉब डोळ्यांसमोर आणा. डी-टू पोलादाची डाय प्लेट आहे, ६० एचआरसीपर्यंत हार्डनिंग करून आलेली. तिच्यावर ‘पी’ ग्रेडचे व्हील चालवले. प्लेट इतकी कडक की दाण्यांची धार लवकर बोथट होते. बोथट झालेला दाणा सुटून पडला तर त्याच्यामागचा ताजा दाणा पुढे येतो आणि कटिंग चालू राहते. पण पकड घट्ट असल्यामुळे तो सुटत नाही. मग व्हील कापत नाही, नुसते घासत राहते. व्हीलचे तोंड काचेसारखे चमकू लागते, आवाज बदलतो आणि प्लेटवर तपकिरी-निळे डाग उठतात. जॉब जळाला असे आपण म्हणतो, तो हाच. त्या डागाखाली पोलादाची कडकाई गेलेली असते आणि कधी केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. डाय प्रेसवर चढल्यावर तिथूनच तुकडा उडतो, आणि मग सगळा दोष हीट ट्रीटमेंटवाल्याच्या माथी जातो. अशा कामाला ‘एच’ ते ‘के’च्या आसपासचे सैल पकडीचे व्हील लागते. म्हणून या रकान्याचे नाव मी ‘पकड’ ठेवतो आणि खाली लिहितो : ‘जॉब कडक असेल तर पकड सैल घ्या. जॉब मऊ असेल तर पकड घट्ट घ्या.’ फक्त ‘श्रेणी’ लिहून थांबणारा तक्ता कामगाराला काहीच देत नाही.

पुढचा ५ म्हणजे दाण्यांमधली मोकळीक. आकडा वाढला की मोकळीक वाढते, चुरा आणि कूलंटला जागा मिळते. शेवटचा व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला, काचेच्या जातीचा व्हिट्रिफाइड बाँड. तो ठिसूळ असतो, धक्का सोसत नाही. त्याच जागी बी असेल तर रेझिनचा बाँड. तो जास्त वेग सोसतो, पण ओलाव्यात ठेवला तर कमजोर होतो.

आता वेगाकडे येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यायला हवेत.

व्हिट्रिफाइड व्हीलवर बहुधा ‘कमाल ३३’ आणि पुढे मीटर प्रति सेकंद असे असते. जुन्या फूट-मिनिटांच्या हिशेबातले ६,५०० ते हेच. हा व्हीलच्या कडेचा वेग आहे, म्हणजे ताशी जवळपास १२० किलोमीटर. मशीनच्या पट्टीवर मात्र आरपीएम लिहिलेले असते. दोन्हींना ‘स्पीड’ म्हणतात, त्यामुळे मराठी सूचनेत ‘सुरक्षित गती ३३’ एवढेच लिहिले तर ते कोणालाच उपयोगी पडत नाही. त्यात आपल्या संक्षेपांचा घोळ वेगळाच. ‘मी.’ म्हणजे मीटर, ‘मि.’ म्हणजे मिनिट आणि ‘मिमी’ म्हणजे मिलिमीटर. ‘से.’चा सेकंदही होतो आणि सेंटीमीटरही. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की आकड्याचा अर्थ बदलतो. सूचनेत एकके पूर्ण लिहा : ‘एका सेकंदाला ३३ मीटर’.

आणि तरीही काम अर्धेच झालेले असते. पेडेस्टल ग्राइंडरचा हिशेब करून बघू. मोटर २,८५० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस फेरे. व्हील २०० मिलिमीटरचे असेल तर त्याचा घेर ६२८ मिलिमीटर होतो. दोन्हींचा गुणाकार केला की कडेचा वेग सेकंदाला २९.८ मीटर येतो. ३३ च्या आत आहे, ठीक. आता २०० चे व्हील संपले. स्टोअरमध्ये २५० चे पडून आहे, भोक तेच ३१.७५ मिलिमीटरचे, म्हणजे स्पिंडलवर बरोबर बसते. गार्डला अडते म्हणून कोणीतरी गार्ड काढतो. २५० चा घेर ७८५ मिलिमीटर. कडेचा वेग झाला ३७.३ मीटर. मोटर तीच, स्विच तोच, पट्टीवरचे आरपीएम तेच, आणि तरी मर्यादा ओलांडली गेली. व्हीलला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे मर्यादेवर असताना जेवढा ताण होता त्याच्या सव्वापटीहून जास्त आता आहे, आणि तुकडे अडवणारे गार्ड जागेवर नाही.

व्हीलवरचा ३३ हा आकडा ज्याने वाचला त्यालाही हे समजले नसते. म्हणून इथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, हिशेब करून ठेवावा लागतो. त्या मशीनच्या सूचनेत असे असावे : ‘हे मशीन २,८५० आरपीएमने फिरते. यावर २०० मिलिमीटरपेक्षा मोठे व्हील लावू नका. व्हीलवर एका सेकंदाला ३३ मीटरपेक्षा कमी वेग लिहिला असेल तर ते व्हील लावू नका.’ ही सूचना वाचून काय करायचे ते कळते. हल्ली स्पीड कमी-जास्त करायला ड्राइव्ह बसवतात. तिथे आणखी एक ओळ लागते. व्हील झिजून लहान झाले की कटिंग मिळावे म्हणून आरपीएम वाढवले जातात, आणि पुढच्या पाळीत नवे पूर्ण व्यासाचे व्हील त्याच आरपीएमवर सुरू होते. ‘नवे व्हील लावण्याआधी आरपीएम खाली आणा’ हे तिथे ठळक लिहायलाच हवे.

इशाऱ्यांच्या बाकीच्या ओळींतही हाच नियम. ‘व्हीलच्या बाजूने घासू नये’ ही ओळ मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मराठीत ‘बाजूने’चा अर्थ ‘कडेला उभे राहून’ असाही होतो. त्याऐवजी ‘जॉब फक्त व्हीलच्या कडेवर टेकवा, सपाट अंगावर टेकवू नका’ असे लिहा. पण हीच ओळ टूल अँड कटर ग्राइंडरवर लावू नका, कारण तिथले कप व्हील सपाट तोंडानेच काम करायला बनवलेले असते. ‘खराब व्हील वापरू नये’ हेही मोघम आहे. खराब म्हणजे काय ते सांगा : चीर गेलेले, कपचा उडालेले, हातातून पडलेले. व्हिट्रिफाइड व्हील पडले आणि वरून धड दिसले तरी ते तपासायचे. व्हील कोरडे आणि स्वच्छ हवे. त्याच्या भोकातून बोट घालून ते लटकते धरा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच टकटक करा. थोडे फिरवून पुन्हा करा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर ते व्हील मशीनवर चढवायचे नाही. ही परीक्षा रेझिनच्या व्हीलला तितकी लागू नाही, कारण त्याचा आवाज मुळातच दबका असतो. हेही तक्त्यात लिहा, नाहीतर चांगली व्हीले टाकून दिली जातील आणि मग परीक्षेवरचा विश्वासच उडेल.

आणखी एक, तो छापील कागद. माहिती वाचून झाली की साफसफाई म्हणून तो खरवडून काढणारे मी पाहिले आहेत. फ्लॅन्जचा दाब सगळीकडे सारखा पसरावा म्हणून तो कागद दिलेला असतो. तो काढला तर शिक्का जातो आणि गादीही जाते. ‘हा कागद काढू नका’ ही ओळ सूचनेत पहिल्या तिनांत यावी.

हे सगळे कोणाच्या हौसेवर सोडलेले नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३० मध्ये ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ सूचना कायमची लावण्याची सक्ती घातली गेली. त्या सूचनेत व्हीलच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग, स्पिंडलचा वेग आणि तो साधणाऱ्या पुलीचा व्यास हवा असे त्यात म्हटले होते. कलम १०८ मध्ये अशा सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात आणि स्वच्छ, वाचता येतील अशा ठेवाव्यात असे लिहिले गेले. तुमच्या वर्कशॉपमध्ये निम्मे कामगार बिहार, ओडिशाचे असतील तर मराठीशेजारी त्यांची भाषाही हवी, यात मला शंका वाटत नाही.

मालक मंडळींना एक विनंती करून थांबतो. उद्या सकाळी आपल्या प्रत्येक ग्राइंडरच्या पट्टीवरचे आरपीएम आणि त्यावर बसलेल्या व्हीलचा व्यास वहीत लिहून घ्या आणि वर केला तसा गुणाकार करा. उत्तर व्हीलवरच्या आकड्यापेक्षा जास्त आले तर ते मशीन तिथेच बंद ठेवा. सूचना नंतर छापता येईल.