एक उतारा, दोन भाषांतरे

भाषांतराचा वर्ग म्हटला की कालिदासाचा एखादा श्लोक किंवा शेक्सपिअरचे एखादे स्वगत डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात जे भाषांतर रोज वाचले जाते, ते पुस्तकात नसते. ते विजेच्या पॅनेलच्या दारावर डकवलेले असते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि त्यानंतरच्या दशकांत मोटारी व दुचाक्यांचे मोठे कारखाने आले. यंत्रे आली ती बहुधा इंग्रजी सूचनांसह. कारखान्यातील सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावेत, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातलेली होती. म्हणजे भाषांतर ही तेथे हौस नव्हती, कायद्याने सोपविलेले काम होते.

वर्गासाठी नमुन्यादाखल एक छोटा उतारा घ्यावा. यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी वीज कशी तोडावी, ह्याविषयी त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. सर्किट ब्रेकर ‘क्लोज्ड’ असेल तर पॅनेलचे दार उघडू नये. ‘ऑथोराइज्ड’ माणसाने ‘लॉकआउट’ करावे व किल्ली स्वतःजवळ ठेवावी. यंत्रात साठून राहिलेली शक्ती मोकळी करून वीज शून्य झाल्याची खात्री करावी.

पहिले भाषांतर असे: ‘ब्रेकर बंद असल्यास पॅनेलचे दार उघडण्यात येऊ नये. देखभालीपूर्वी प्राधिकृत व्यक्तीकडून टाळेबंदी करण्यात यावी व किल्ली स्वतःजवळ ठेवण्यात यावी. संचित ऊर्जा मुक्त करून शून्य विद्युतदाबाची खातरजमा करण्यात यावी.’

दुसरे असे: ‘ब्रेकर चालू असेल, म्हणजे आत वीज असेल, तर पॅनेलचे दार उघडू नका. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी नेमून दिलेल्या कामगाराने मेन स्विच बंद करून त्याला आपले कुलूप घालावे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. राहिलेली हवा सोडून द्या, वर उचललेला भाग खाली टेका, आणि टेस्टर लावून वीज नाही हे पाहा.’

विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न असा घालावा: ह्या दोहोंत मूळाशी अधिक इमानी कोणते? पुष्कळसे विद्यार्थी पहिल्याकडे बोट दाखवतील. शब्दाला शब्द आहे, काही वाढवलेले नाही, काही गाळलेले नाही. ‘क्लोज्ड’ म्हणजे बंद, हे तर शाळेतले पोरही सांगेल. आणि नेमके तेथेच पहिल्या भाषांतराने मूळ वाक्य उलटे केले आहे.

वीजकामाच्या इंग्रजीत ब्रेकर ‘क्लोज्ड’ असतो तेव्हा त्याच्या आतले दोन संपर्क एकमेकांस टेकलेले असतात आणि वीज वाहत असते. तो ‘ओपन’ झाला की संपर्क सुटतात आणि वीज थांबते. ह्या शब्दांच्या मागे एखाद्या उचलत्या पुलाचे चित्र आहे. पूल मिटला की रस्ता जोडला गेला, उघडला की तुटला. मराठी माणूस विजेविषयी बोलतो तेव्हा त्याच्या मनात पूल नसतो, नळ असतो. नळ बंद केला की पाणी थांबते, तसे बटण बंद केले की दिवा विझतो. घरातील वडीलधारी माणसे ‘मेन स्विच बंद कर’ म्हणतात ती ह्याच अर्थाने. तेव्हा ‘ब्रेकर बंद असल्यास दार उघडू नये’ हे वाक्य चाकणचा कामगार असे वाचतो: वीज नसताना दार उघडू नये. मग वीज असताना काय करावे, हे कागद सांगतच नाही. जो धोका टाळावयाचा, त्याच्याविषयी सूचना मुकी राहिली, आणि निर्धोक स्थितीला तेवढी मनाई झाली. गंमत अशी की शालेय विज्ञानात ‘बंद परिपथ’ हा शब्द वीज वाहणाऱ्या मार्गासाठी येतो, त्यामुळे ज्याचे शिक्षण अधिक त्याला ही चूक दिसण्याचा संभव कमी.

ह्याला जोडून एक उपप्रश्न विचारावा, कारण त्यात ह्या धंद्यातील एक जुनी समजूत तपासली जाते. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत फिरवून पाहिले की चुका सापडतात, असे मानण्याची रीत आहे. पहिले भाषांतर तसे फिरवावे. ‘बंद’चे पुन्हा ‘क्लोज्ड’ होईल, मूळ वाक्य जसेच्या तसे परत येईल, आणि तपासणारा समाधानाने सही करील. जी चूक कोशाच्या वाटेने आत आली ती कोशाच्याच वाटेने बाहेर जाते, मध्ये कोणालाच दिसत नाही. ती पकडावयाची तर मूळ न पाहिलेल्या एखाद्या जोडाऱ्याच्या किंवा वायरमनच्या हाती मराठी कागद देऊन एवढेच विचारावे: ‘आता आत वीज आहे का? दार उघडशील का?’ त्याचे उत्तर हीच परीक्षा.

अर्थात दुसऱ्या भाषांतराने योजलेला ‘चालू’ हा शब्दही सर्वस्वी निर्मळ नाही. यंत्र ‘चालू’ आहे म्हणजे ते या क्षणी फिरत आहे, किंवा नुसते नादुरुस्त नाही, असे दोन्ही अर्थ होतात. म्हणूनच त्या भाषांतरकाराने ‘म्हणजे आत वीज असेल’ ही पुस्ती जोडली. मूळात ती नाही. ही भर क्षम्य की अक्षम्य, ह्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. मूळातला अर्थच तिने टिकवला आहे, हे मात्र वाद घालणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरा प्रश्न ‘टाळेबंदी’चा. येथे शब्द चुकलेला नाही, त्याचा संसार चुकला आहे. इंग्रजी ‘लॉकआउट’ला दोन बिऱ्हाडे आहेत. औद्योगिक कलहाच्या कायद्यात मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद ठेवणे ह्याला तो शब्द लागतो, आणि मराठी वृत्तपत्रांनी ‘टाळेबंदी’ हा प्रतिशब्द त्याच अर्थी रुळविला. २०२० च्या साथीत तोच शब्द घराघरांत पोहोचला, तोही सगळे व्यवहार थांबण्याच्या अर्थाने. दुरुस्तीच्या कामातील ‘लॉकआउट’ मात्र अगदी निराळे. मुख्य स्विच बंद करून त्याच्या दांड्याला कामगाराने स्वतःचे कुलूप घालावयाचे, आपल्या नावाची पट्टी अडकवावयाची आणि किल्ली आपल्याकडे ठेवावयाची. पाच जण एकाच यंत्रावर काम करीत असतील तर अनेक भोके असलेल्या एका कडीत पाच कुलुपे पडतात, आणि शेवटचे निघेपर्यंत वीज परत येऊ शकत नाही.

आता दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहावे. एकात मालक कुलूप लावतो आणि कामगार बाहेर राहतो. दुसऱ्यात कामगार कुलूप लावतो आणि आपला जीव राखतो. कुलूप तेच, हात बदलला. ज्या पट्ट्यात टाळेबंदी म्हणजे थांबलेला पगार, तेथे हा शब्द फलकावर वाचून कामगाराच्या मनात प्रथम काय येईल, हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे. दुसऱ्या भाषांतरकाराने तो शब्दच टाकून कृती सांगितली: स्विच बंद करून कुलूप घालावे. शब्द हरवला, काम वाचले. पुष्कळ कारखान्यांत ह्या साऱ्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘लोटो’ म्हणतात. शुद्धतेच्या आग्रहामुळे ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द मराठीत आले आणि रमले, हे खरे. परंतु यंत्राशेजारच्या कागदावर नवा शब्द रुजण्याची वाट पाहावयास सवड नसते, आणि तेथे ‘लोटो’ला हाकलण्याचे कारण दिसत नाही.

तिसरा प्रश्न सुराचा, आणि तो दिसतो त्याहून खोल आहे. ‘करण्यात यावी’, ‘ठेवण्यात यावी’ ही वाक्ये सरकारी दप्तरातून आली. त्यांत कर्ता मागे सरतो किंवा नाहीसाच होतो. खातरजमा करण्यात यावी, पण कोणी? तीन माणसे पॅनेलपुढे उभी असतील तर प्रत्येकास वाटेल की दुसऱ्याने केली असेल. शिवाय मराठी ‘-वे’ प्रत्ययाला उपदेश आणि आज्ञा दोन्ही सारखेच जवळचे. ‘सकाळी लवकर उठावे’ आणि ‘कुलूप घालावे’ ह्यांत व्याकरणाने भेद नाही. इंग्रजी ‘शॅल’मध्ये न केल्यास गुन्हा असा जो भार असतो, तो येथे उतरत नाही. तो आणावयाचा तर ‘घातलेच पाहिजे’ म्हणावे लागते. दुसरे भाषांतर ‘उघडू नका’, ‘पाहा’ असे समोरच्याशी बोलते, पण मध्येच ‘घालावे’, ‘ठेवावी’ असे घसरते, आणि तेही नेमके कुलपाच्या वाक्यात. ज्या ठिकाणी सूर सर्वांत करडा हवा होता तेथेच तो मऊ झाला आहे.

दुसऱ्या भाषांतराचे आणखी दोन दोष विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावयाचे आहेत, कारण ते वाचावयास गोड आहे आणि गोड भाषांतर कमी तपासले जाते. ‘ऑथोराइज्ड’ माणूस म्हणजे ह्या कामाचे शिक्षण घेतलेला व ज्याला अधिकार दिला आहे असा. ‘नेमून दिलेला कामगार’ म्हणजे त्या पाळीला मुकादमाने ज्याला धाडले तो, मग तो कालच आलेला कंत्राटी मदतनीस का असेना. येथे रुक्ष ‘प्राधिकृत’च मूळाच्या जवळ होता, फक्त तो कोणाला कळत नव्हता. दुसरा दोष अधिक घातक. ‘साठून राहिलेली शक्ती’ ह्या व्यापक शब्दाच्या जागी भाषांतरकाराने दोन परिचित उदाहरणे घातली, हवा आणि वर उचललेला भाग. दाबलेली स्प्रिंग राहिली. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधले कपॅसिटर राहिले, जे वीज तोडल्यावरही काही मिनिटे भारलेले असतात. यादी वाचणारा ती पूर्ण समजतो, हवा सोडतो आणि ड्राइव्हला हात घालतो.

हे सारे झाल्यावर वर्गाने तिसरे भाषांतर करावे. ते साधारण असे होईल: ‘ब्रेकर चालू स्थितीत असेल तर आत वीज आहे. पॅनेलचे दार उघडू नका. ज्याला ह्या कामाचे शिक्षण व लेखी परवानगी आहे त्यानेच मेन स्विच बंद केला पाहिजे, त्याला स्वतःचे कुलूप घातलेच पाहिजे आणि किल्ली स्वतःजवळच ठेवली पाहिजे. यंत्रात उरलेली प्रत्येक प्रकारची शक्ती मोकळी करा: हवा, तेलाचा दाब, स्प्रिंग, उचललेला भाग, कपॅसिटर आणि ह्यांखेरीज जे असेल ते. टेस्टर आधी चालू विजेवर तपासा, मग येथे लावून वीज नाही हे पाहा, आणि नंतर टेस्टर पुन्हा चालू विजेवर तपासा.’ शेवटचे वाक्य मूळातल्या ‘खात्री करावी’ ह्या दोन शब्दांतून निघाले आहे, कारण बिघडलेला टेस्टरही वीज नाही असेच सांगतो. भाषांतरकाराने एवढे फोडून सांगावे की अभियंत्याकडे परत जाऊन मूळच दुरुस्त करून घ्यावे, ह्यावर वर्गाचे दोन तट पडतील.

आणि मग हिंदी जाणणारा एखादा विद्यार्थी हात वर करून विचारील, की उत्तर प्रदेशातून किंवा बिहारातून आलेला मदतनीस हाच मराठी कागद अक्षर लावून वाचू लागला, तर दुसऱ्या भाषांतरातल्या ‘खाली टेका’चे तो काय करील? मराठीत ‘खाली’ म्हणजे जमिनीच्या बाजूला, त्याच्या हिंदीत रिकामे.