ठरलं होतं काय? लिहून ठेवलेल्या बैठकीत शोधायचं कसं

बैठकीतलं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून त्याचा मजकूर करून घेण्याची सोय आता हातात आली आहे. तासाभराच्या बैठकीचा मजकूर दहा-पंधरा पानांचा होतो. महिन्याने "आपलं ठरलं काय होतं?" असा प्रश्न निघाला की सगळी पानं कोण वाचणार? तेव्हा नेमकी जागा कशी शोधायची, ते आज सांगते.

एक उदाहरण धरू. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते. समजा, त्या दिवशी शेंगाचटणीची पाकिटं विकायचं एका गटाने बैठकीत ठरवलं. शेंगदाणे आणायची वेळ आली. एक म्हणते वीस किलो, दुसरी म्हणते तीस. पैसे गटाच्या बचतीतले, म्हणून अंदाजाने चालणार नाही.

मजकूर गुगल डॉक्समध्ये असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा. तिथे Find and replace, म्हणजे 'शोधा आणि बदला' आहे. आपल्याला फक्त शोधायचं आहे, बदलायच्या बटणाला हात लावू नका. नाहीतर मूळ मजकूरच बदलेल.

आता शब्द कोणता टाकायचा? मोबाईल अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो. "ठरलं" टाकलं तर "ठरवू", "ठरले", "ठरवलंय" सापडणार नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा तुकडा टाका, नुसतं "ठर". आकड्याचंही तसंच. मजकुरात "३०" असेल, "30" असेल किंवा "तीस" असेल. म्हणून आकडा न शोधता त्याच्या शेजारचा शब्द शोधा, इथे "किलो".

समजा, "किलो" पाच ठिकाणी सापडलं. पहिल्या ठिकाणी "वीस किलो आणू", चौथ्या ठिकाणी "तीस किलो तरी लागतील", पाचव्या ठिकाणी "मागच्या वर्षी दहा किलो उरले होते". यातला शेवटचा आकडा म्हणजे निर्णय नव्हे. प्रत्येक जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी वाचा. चौथ्या जागेनंतर "बरं, तीसच घेऊ", "चालेल", "हो" असं असेल, आणि पुढे कुणी ते मोडलं नसेल, तर तीस किलो ठरलं. पाचवी नुसती आठवण होती.

तरी एक धोका राहतो. "वीस" आणि "तीस" ऐकायला जवळचे आहेत, त्यामुळे मजकुरात चुकीचं उतरू शकतं. पैशाचा किंवा वजनाचा आकडा असेल तर रेकॉर्डिंग लावून तेवढा भाग कानाने ऐका. मजकूर पानांच्या मधोमध असेल तर रेकॉर्डिंगही साधारण मधोमध लावायचं. म्हणून हिशोब मिटेपर्यंत रेकॉर्डिंग पुसू नका.

ठरलं काय, हे कळलं. आता काम कुणी घेतलं? काम घेताना आपण "ठराव" म्हणत नाही, आपण म्हणतो "मी बघते", "मी आणते", "सोमवारपर्यंत देते". म्हणून "मी ", "पर्यंत", "वारी" असे तुकडे शोधा. "वारी" टाकलं की सोमवारी, बुधवारी सापडेल, आणि पालखीची वारीही सापडेल. ती सोडून द्यायची.

अडचण इथे येते. "पाकिटं मी आणते" असं सापडलं, पण ही "मी" कोण? पुष्कळदा मजकुरात बोलणारीचं नाव नसतं. मग पुढच्या ओळी बघा. कुणी "काकू, मोठी पाकिटं आणा हं" म्हटलं असेल तर ती काकू. नाहीच कळलं तर आवाज ऐका. मान डोलवून दिलेला होकार मात्र कुठेच सापडत नाही.

यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक विषय संपला की अध्यक्षताईंनी मोठ्याने म्हणावं: "ठराव. शेंगदाणे तीस किलो. आणणार थोरल्या काकू. येत्या सोमवारपर्यंत." पुढे "ठराव" एवढा एकच शब्द शोधला की बैठकीतले सगळे निर्णय एकाखाली एक सापडतात.

सापडलेलं त्याच दिवशी इतिवृत्ताच्या वहीत उतरवा: काम काय, कुणाचं, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीत आधी ते वाचून दाखवा आणि सह्या घ्या. मोबाईलमधला मजकूर आठवणीला मदत करतो, पण गटाचा निर्णय म्हणून धरायचा तो सह्या असलेल्या वहीतलाच. आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सगळ्यांना विचारा. घरगुती अडचणीवर बोलणं निघालं की ते बंद करा.