वजनं, उष्मांक आणि व्यायामानंतरची धग
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आज बोलायचं आहे ते एका आकड्याबद्दल. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पुष्कळ. पहाटे मैदानावर पळायचं आणि संध्याकाळी जिममध्ये वजनं मारायची, असा त्यांचा दिवस. त्यांतलाच सत्तर किलोचा एक तरुण आपण नमुन्यादाखल घेऊ. तासभर जिम झाली की त्याच्या मनगटावरचं घड्याळ ४८० कॅलरी दाखवतं. ट्रेनरनं वर सांगितलेलं असतं की व्यायाम थांबला तरी शरीर पुढं दीड दिवस जळत राहतं. मग हा गडी खुशीत घरी जाता जाता कुंथलगिरीच्या खव्याचे चार पेढे खातो. एक पेढा पंचवीस ग्रॅमचा धरला तर साधारण शंभर कॅलरीचा, म्हणजे चारांचे चारशे. घड्याळाच्या हिशेबानं तरी तो ऐंशी कॅलरींनी फायद्यातच असतो. हा हिशेब कुठं बिघडतो, ते बघू.

आधी घड्याळ. ते कॅलरी मोजत नाही. ते नाडी मोजतं आणि नाडीवरून कॅलरींचा अंदाज बांधतं. पळताना ही युक्ती बऱ्यापैकी चालते, कारण पळताना स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो आणि त्याच मापात हृदयाचे ठोके वाढतात. वजनं मारताना हे नातं तुटतं. रॉड उचलताना आपण श्वास कोंडतो, आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, रक्तदाब उसळतो आणि नाडी धावू लागते. ऑक्सिजनचा खप मात्र त्या मानानं वाढलेला नसतो. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी कसलेल्या व्यायामपटूंच्या धमनीत नळी घालून लेग प्रेसच्या वेळचा रक्तदाब मोजला. सरासरी ३२० वर २५० भरला. आपल्या डॉक्टरांना एरवी असा आकडा दिसला तर रुग्णाला थेट सोलापूरला पाठवतील. नाडीची उसळी बघून घड्याळाला वाटतं, हा पळतोय.

पळतानाही घड्याळावर फार विसंबू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात घड्याळं तपासली. नाडी मोजण्यात सातांपैकी सहा चांगली निघाली. कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत बरं घड्याळ २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी.

मग खरं मोजायचं कसं? प्रयोगशाळेत तोंडावर मास्क बसवतात आणि श्वासातून किती ऑक्सिजन वापरला गेला ते बघतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला म्हणजे साधारण पाच कॅलरी खर्च झाल्या. अशा मोजण्यांवरून तक्ते तयार झालेत. त्यांत प्रत्येक हालचालीला एक पट दिलेली असते, तिला मेट म्हणतात. निवांत बसलेल्या माणसाचा एक मेट, म्हणजे किलोमागे ताशी साधारण एक कॅलरी. २०११ च्या तक्त्यात वेगवेगळे व्यायाम, आठ ते पंधरा रेप्स, अशा नेहमीच्या जिमला ३.५ मेट दिलेत, स्क्वॉटसारख्या कामाला ५ आणि पॉवरलिफ्टिंगच्या जोरकस कष्टाला ६.

आता आपला तरुण. साडेतीन गुणिले सत्तर, म्हणजे तासाला २४५ कॅलरी. पण थांबा, यातल्या सत्तर त्यानं घरी खाटेवर बसून मोबाइल बघितला असता तरी गेल्याच असत्या. त्या व्यायामाच्या खात्यात धरता येत नाहीत. वजा जाता उरल्या १७५. लोक नेमके इथं चुकतात. घड्याळ बहुधा एकूण आकडा दाखवतं आणि आपण तो जास्तीचा खर्च समजून त्यावर पेढे खातो.

हा १७५ चा आकडा दुसऱ्या वाटेनंही पडताळता येतो, आणि त्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. पाच व्यायाम, प्रत्येकाचे चार सेट, सेटमागे दहा रेप्स, म्हणजे दोनशे वेळा वजन वर गेलं. सरासरी पन्नास किलो आणि अर्धा मीटर उंची धरा. एका रेपचं काम भरलं साधारण २४५ ज्यूल. दोनशेचे झाले ४९,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम बारा कॅलरी! ऐकून वाईट वाटतं, पण हिशेब तसाच आहे. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेतला पाचवा हिस्साच वजन उचलण्याला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून बाराच्या साठ करा. वजन सावकाश खाली आणायलाही थोडी ऊर्जा लागते, तिच्या वीस-पंचवीस. सेट चाळीस सेकंदांचा धरला तर वीस सेटची खरी मेहनत तेरा-चौदा मिनिटांची. उरलेला पाऊण तास मंडळी उभी असतात, फिरतात, प्लेटा चढवतात-उतरवतात, आरशात बघतात. त्याच्या, बसण्यापेक्षा जास्तीच्या, पन्नासेक. बेरीज एकशे तीस-पस्तीसच्या आसपास येते. वाट वेगळी असूनही आपण तक्त्याच्या आकड्याजवळ पोचलो. घड्याळाच्या ४८० पर्यंत कोणत्याच वाटेनं पोचता येत नाही.

यात खोट आहेच. जड सेटमधली काही ऊर्जा ऑक्सिजनशिवाय तयार होते आणि ती मास्कला नीट दिसत नाही. एक मेटचं प्रमाण माप मिनिटाला किलोमागे साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन असं धरलंय, पण २००५ मध्ये ७६९ प्रौढांना मोजलं तेव्हा सरासरी २.६ च निघाली. भारतीयांचा विश्रांतीतला खर्चही परदेशी सूत्रांपेक्षा पाचेक टक्के कमी धरावा, असं आपल्या आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी पूर्वीच सुचवलंय. म्हणून मी १७५ हा नेमका आकडा म्हणून सांगत नाही. दीडशे ते अडीचशे म्हणा. अडीचशे कुणाचे? जड स्क्वॉट मारणाऱ्याचे.

आता त्या दीड दिवसाच्या धगीकडे येऊ. कल्पना खरी आहे आणि जुनी आहे. ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये तिला ऑक्सिजनची उधारी म्हटलं. मेहनत करताना शरीर उसनवारी करतं आणि थांबल्यावर धापा टाकत फेडतं. पुढं कळलं की धापांमागं फक्त फेड नसते. १९८४ मध्ये गेसर आणि ब्रूक्स यांनी उधारीची भाषा सोडून दिली आणि व्यायामानंतरचा जादा ऑक्सिजन खप, एवढंच साधं नाव ठेवलं. या खपात काय काय येतं? स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरणं, हे काही मिनिटांत उरकतं. तापलेलं शरीर, जोरात चालणारं हृदय, रक्तातलं ॲड्रिनलिन, हे सावकाश खाली येतं. नंतरचे काही तास स्निग्धांशांची उलाढाल, ग्लायकोजेन भरणं, स्नायूंची डागडुजी.

एवढी कामं, मग खर्च इतका थोडा का? कारण मोठा भाग पहिल्या मिनिटांतच आटोपतो आणि नंतरची वाढ लांबते, पण उंच नसते. जिममध्ये तर आणखी एक गंमत आहे. सेट संपल्यावर दोन मिनिटं धापा टाकत बाकावर बसता, तेव्हा ही फेड चालूच असते. वीस सेट म्हणजे वीस वेळा फेड, आणि ती सगळी तक्त्याच्या ३.५ मेटमध्ये आधीच मोजलेली आहे. शेवटच्या सेटनंतरची तेवढी उरते. आधी मोजलेलीच दुसऱ्यांदा जमा धरली की आकडा फुगतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. व्यायामाच्या जास्तीच्या खर्चाच्या ६ ते १५ टक्के एवढी ही नंतरची धग निघाली. आपल्या तरुणाच्या १७५ वर ते लावा. दहा ते सव्वीस कॅलरी. वजनांच्या व्यायामात टक्का थोडा जास्त असू शकतो, म्हणून उदार होऊन दुप्पट केलं तरी पन्नासेक, म्हणजे अर्धा पेढा.

मग दीड दिवस ही गोष्ट आली कुठून? २००२ च्या एका प्रयोगात जड सर्किट केल्यावर ३८ तासांनीही ऑक्सिजनचा खप चढा सापडला. प्रयोगात माणसं होती सात. आपल्याकडे त्यातला ३८ हा आकडा तेवढा पोचला. विश्रांतीतला खर्च एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी असाही तीन-पाच टक्क्यांनी हलतो. जेवण, झोप, मोजण्याची वेळ, सगळ्याचा परिणाम होतो. आणि समजा, खरोखरच चोवीस तास पाच टक्के चढा राहिला. सत्तर किलोच्या भारतीय तरुणाचा विश्रांतीतला खर्च दिवसाला १,६५० च्या आसपास. पाच टक्के झाले ऐंशी-पंच्याऐंशी. पूर्ण पेढा अजूनही झाला नाही.

मोठा आकडा कधीच येत नाही, असं मात्र म्हणणार नाही. २०११ मध्ये दहा तरुणांना बंद खोलीत ठेवून पंचेचाळीस मिनिटं जोरात सायकल मारायला लावली. सायकलवर ५१९ कॅलरी गेल्या आणि पुढच्या चौदा तासांत १९० जास्तीच्या. पण ती पंचेचाळीस मिनिटं सलग होती, मध्ये बाकावर बसणं नव्हतं.

इथं मला आपली तालीम आठवते. हौद्याशेजारी पैलवान जोर-बैठका काढतो तेव्हा सेट-विश्रांती असला प्रकार नसतो, तो सलग काढतो. जोरदार, अखंड कवायतीला तक्त्यात ८ मेट आहेत. सत्तर किलोच्या माणसानं वीस मिनिटं तशा बैठका काढल्या तर वजा जाता १६०-१६५ कॅलरी, म्हणजे जिमच्या अख्ख्या तासाच्या जवळपास. फरक आहे तो थांबण्याच्या वेळेत. ताकद वाढवायला जिमची विश्रांती लागतेच. ती कमी करून कॅलरी वाढवायला गेलात तर उचललेलं वजन घटतं, आणि जिममध्ये ज्यासाठी गेलो होतो तेच हुकतं.

आणखी एक फसवणूक उन्हाळ्यात फार होते. मे महिन्यात पत्र्याखालच्या जिममध्ये तासाभरात किलोभर वजन उतरतं. ते पाणी असतं. घामाचा आणि उष्मांकांचा तसा हिशेब लागत नाही. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, एका संध्याकाळी त्या कुठून जाणार? आपला अंदाज बरोबर की चूक, हे कळायला सकाळी उपाशीपोटी वजन करावं, आठवड्याची सरासरी काढावी आणि तीन आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून बघाव्यात. कागदावर रोज तीनशेची तूट दिसते आणि सरासरी हलत नाही, असं झालं तर बहुधा व्यायामाचा आकडा फुगवलेला असतो किंवा ताटातला कमी लिहिलेला असतो.

आयोजकांकडून एक चिठ्ठी आली आहे. स्नायू वाढले की बसल्या जागी जास्त कॅलरी जळतात ना, असं विचारलंय. जळतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण तेरा कॅलरी घेतो. वर्षभर मेहनत करून दोन किलो कमावलात तर दिवसाला सव्वीस. भरतीच्या मैदानावर गोळा फेकताना त्या दोन किलोंची किंमत याहून पुष्कळ जास्त आहे.